खजिनदारांचा अहवाल ‘एकमताने मंजूर’: पण नेमके काय मंजूर झाले?

कार्यकारिणीच्या सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत विषय क्रमांक 4 खाली एवढेच लिहिले होते: ‘खजिनदारांनी सहामाहीचा अहवाल सादर केला. उत्पन्न अंदाजापेक्षा 148 ने जास्त, खर्च 41 ने जास्त. आर्थिक स्थिती समाधानकारक. छतदुरुस्ती 46 व अंतर्गत दुरुस्ती 18 या खर्चास कार्योत्तर मंजुरी देण्यात आली. अहवाल एकमताने मंजूर.’ खाली अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या सह्या. पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायमही झाले होते.

संस्था एक वाचनालय चालवते, शिवाय तिचे एक छोटे सभागृह आहे, ते भाड्याने दिले जाते. आर्थिक वर्षाच्या नवव्या महिन्यात तिच्या अंतर्गत तपासणीचे काम माझ्याकडे आले. इथे दिलेले सगळे आकडे हजारांत आहेत. संस्थेचे नाव देत नाही. देण्याची गरजही नाही, कारण या पाच वाक्यांत जे आहे आणि जे नाही, ते निम्म्या संस्थांच्या वहीत असेच सापडेल. कोणी पैसा खाल्लेला नव्हता, हे आधीच सांगतो. काम खरे होते, बिले खरी होती, छत आता गळत नाही. तरीही हा परिच्छेद वाचून तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नव्हती. सभेने हिशेब स्वीकारले म्हणजे काय केले? तफावत खरोखर किती होती? आणि 64 खर्च करायचा अधिकार कोणाचा होता?

पहिला प्रश्न सर्वांत क्षुल्लक वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात केली. ‘अहवाल मंजूर’ या शब्दांसोबत वहीत कोणताही कागद जोडलेला नव्हता. खजिनदारांना विचारले, तेव्हा त्यांनी संगणकातून एक पत्रक काढून दिले. चिटणिसांच्या फाइलमध्ये दुसरे पत्रक निघाले. दोन्हींवर तारीख तीच, पण एकात अखेरची शिल्लक 267 आणि दुसऱ्यात 285. आता सभेने यातले कोणते मंजूर केले?

फरक 18 चा होता आणि त्याचे कारण सापडायला फार वेळ लागला नाही. अंतर्गत दुरुस्तीचा 18 चा धनादेश सहामाहीच्या शेवटच्या आठवड्यात दिला होता, पण तो बँकेत वटला नव्हता. बँकेच्या पासबुकात 282 होते, त्यातून हा धनादेश वजा केला की खात्याची पुस्तकी शिल्लक 264 होते. त्यात हातातली रोख 3 मिळवली की 267. चिटणिसांकडचे पत्रक बँकेचा आकडा आणि रोख यांची नुसती बेरीज करून आधी तयार केलेले होते. खजिनदारांनी ते नंतर दुरुस्त केले, सभेत दुरुस्त प्रत वाचली, आणि फाइलमध्ये जुनी प्रत राहून गेली. गोष्ट साधी होती. पण इतिवृत्तात पुस्तकी शिल्लक आणि बँकेशी घातलेला ताळमेळ एका ओळीत नोंदवलेला असता, तर हा गोंधळ नवव्या महिन्यात नाही, त्याच दिवशी मिटला असता.

याहून महत्त्वाचा मुद्दा ‘मंजूर’ या क्रियेचा आहे. सभेपुढे आलेला खजिनदारांचा अहवाल लेखापरीक्षण न झालेला असतो. ती वस्तुस्थितीची माहिती आहे. ती ऐकून सभा ‘हे आकडे बरोबर आहेत’ असे म्हणू शकत नाही, कारण तिने व्हाउचर पाहिलेली नसतात. म्हणून अनेक सभापद्धतींमध्ये खजिनदारांच्या चालू अहवालावर मत घेतच नाहीत. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अभियंत्याने 1876 मध्ये सभानियमांची जी पुस्तिका काढली, तिच्या परंपरेत तर हे स्पष्टच आहे: चालू अहवालाची नोंद घेऊन तो दप्तरी ठेवायचा आणि ठराव करायचा तो लेखापरीक्षकांच्या अहवालावर. तो ठराव झाला की त्या काळापुरती खजिनदारांची जबाबदारी संपते, लबाडीचा अपवाद सोडून. म्हणजे ‘हिशेब स्वीकारले’ या ठरावाला परिणाम असतो. सहामाहीच्या सभेत सवयीने तो लिहून टाकला, की पुढे काही चूक निघाल्यावर खजिनदार म्हणू शकतात, ‘तुम्हीच तर मंजूर केले होते.’ आणि सभासद म्हणणार, ‘आम्ही फक्त ऐकले होते.’ दोघांचेही म्हणणे त्यांच्या बाजूने खरे असते.

मी चिटणिसांना सुचवलेला मजकूर असा होता:

‘खजिनदारांनी सहामाहीअखेरचे जमाखर्च पत्रक, अंदाजपत्रकाशी तुलना आणि बँक ताळमेळ पत्रक सभेपुढे ठेवले (परिशिष्ट अ, 3 पाने, खजिनदारांच्या सहीची प्रत). पुस्तकी शिल्लक: बँक 264, रोख 3, एकूण 267. यांपैकी 25 ही रक्कम बालविभागाच्या पुस्तकांसाठी मिळालेल्या देणगीची असून ती त्याच कामासाठी राखून ठेवली आहे. या हिशेबांचे लेखापरीक्षण झालेले नाही. सभेने अहवालाची नोंद घेतली.’

चिटणीस म्हणाले, ‘अहो, एवढे लिहायचे तर इतिवृत्त किती लांबेल?’ लांबी जेमतेम दुप्पट होते आणि त्यात खजिनदारांचे भाषण कुठेच नाही. कोणी काय विचारले, कोण काय म्हणाले, याची जंत्री नको. कोणता कागद, कोणत्या तारखेचा, अखेरचा आकडा किती, त्यातला किती पैसा आपल्या मर्जीने खर्चता येत नाही, आणि सभेने त्यावर काय केले, एवढे पुरते. परिशिष्टावर सही असावी हा आग्रह मात्र सोडू नये. संगणकातले पत्रक पुढच्या महिन्यात बदलते, सहीची प्रत बदलत नाही.

आता तफावत. ‘उत्पन्न 148 ने जास्त’ हे वाक्य सभेत ऐकून सगळ्यांना बरे वाटले असणार. छताच्या खर्चाला पटकन होकार मिळाला तो त्यामुळेच, असे मला वाटते. हा आकडा आला कसा, ते पाहू. वर्षाचे अपेक्षित उत्पन्न 800. खजिनदारांनी त्याचे निम्मे केले, म्हणजे 400. प्रत्यक्ष जमा 548. वजाबाकी बरोबर आहे. पण या संस्थेत सभासदांची वर्गणी वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच येते. वर्षाच्या 480 पैकी 430 सहामाहीपर्यंत यायलाच हवी होती, हे मागच्या वर्षांच्या वसुलीवरून दिसत होते. तिचे निम्मे, 240, हा आकडा कशाशीच जुळत नाही. चार मुख्य शीर्षांचे चित्र हंगामाप्रमाणे मांडले की असे दिसते:

| शीर्ष | वर्षाचे अंदाजपत्रक | सहामाहीपर्यंत अपेक्षित | प्रत्यक्ष |
|---|---|---|---|
| वर्गणी | 480 | 430 | 420 |
| सभागृह भाडे | 240 | 120 | 98 |
| वीज | 72 | 36 | 51 |
| देखभाल-दुरुस्ती (छत सोडून) | 60 | 10 | 8 |

वर्गणीत 180 ची वाढ दिसत होती, ती प्रत्यक्षात 10 ची तूट निघाली. भाड्यात 22 कमी, कारण गळतीमुळे सभागृह तीन आठवडे बंद होते आणि रद्द झालेल्या नोंदणीचे पैसे परत द्यावे लागले. देणग्या 40 अपेक्षित होत्या, 30 आल्या. सगळे मिळून सहामाहीपर्यंत अपेक्षित उत्पन्न 590, आले 548. म्हणजे 148 ची वाढ नाही, 42 ची तूट. एकाच जमाखर्चातून निघालेली ही दोन वाक्ये आहेत आणि त्यातले एकच इतिवृत्तात गेले.

देखभालीचा किस्सा याच्या उलट बाजूचा. निम्म्याच्या हिशेबाने 30 खर्च व्हायला हवे होते, झाले 8, म्हणून 22 ‘वाचले’. सभेत कोणीतरी म्हणाले होते की या बचतीतूनच छताचा काही भाग भागेल. पण त्या 60 पैकी 40 इमारतीच्या रंगकामासाठी होते आणि रंगकाम मुळातच दुसऱ्या सहामाहीत ठरले होते. खरी बचत 2. खर्च पुढे सरकला म्हणजे वाचला नाही, ही गोष्ट खजिनदारांना ठाऊक होती. पत्रकात कारणाचा रकानाच नसल्यामुळे ती सभेपर्यंत पोचली नाही.

विजेत 15 जास्त. सभेत सांगितले गेले ‘दरवाढ’. बिले समोर ठेवली तेव्हा दिसले की त्यातले 6 मागील वर्षाच्या शेवटच्या महिन्याचे बिल होते, ते या वर्षी भरले आणि याच वर्षात धरले गेले. हा एकदाचा खर्च. दरवाढीमुळे वाढलेले 9. पण ते दुसऱ्या सहामाहीतही पुन्हा येणार. वर्षाच्या 72 पैकी 51 संपले, उरले 21, आणि लागतील साधारण 45. म्हणजे अखेरीस 24 कमी पडणार. तफावतीचे कारण लिहिताना नुसते ‘दरवाढ’ लिहून भागत नाही ते यासाठी. हा फरक पुन्हा येणार की नाही, हेच तर सभेला ठरवायचे असते. तीन प्रकार पुरतात: वेळेचा फरक, म्हणजे आधी किंवा उशिरा आलेला पैसा, एकदाचा फरक, आणि चालू राहणारा फरक. खजिनदारांनी प्रत्येक मोठ्या तफावतीपुढे यातला एक शब्द लिहिला आणि तो इतिवृत्तात उतरला, तर पुढच्या सभेत कोणी विचारायला लागत नाही की मागे काय सांगितले होते.

किती फरकाची नोंद घ्यायची, याला काही मर्यादा हवी, नाहीतर पानभर टपालखर्च येतो. त्या संस्थेत तशी मर्यादा नव्हती. मी सुचवली ती अशी: शीर्षाच्या सहामाही अपेक्षेपेक्षा दहा टक्के आणि किमान 5, दोन्ही ओलांडले तरच कारण लिहायचे. या नियमाने वर्गणी यादीतून सुटते, कारण 430 वर 10 म्हणजे अडीच टक्केही नाहीत. मला ते चालले. वर्गणीची वसुली ते दर महिन्याला पाहतातच.

या सगळ्याचा अर्थ शिल्लक वाचताना कळतो. 267 ही रक्कम पाहून ‘समाधानकारक’ म्हणणे सोपे आहे. वर्षाची सुरुवात 150 ने झाली होती. पण पुढच्या सहा महिन्यांत उरलेली वर्गणी 50, भाडे 120, देणग्या 40, म्हणजे 210 च येणार. अंदाजपत्रकातला उरलेला खर्च 413, त्यात विजेचे जादा 24 मिळवले की 437. वर्षाअखेर हातात राहतात 40. त्यातून बालविभागाचे 25 बाजूला काढले की मोकळे 15. एका महिन्याचा पगारच 30 आहे. हे वाक्य सभेपुढे आले असते, तर छताच्या खर्चावर एकमत कदाचित झालेही असते, पण ‘पैसे कुठून?’ हा प्रश्न कोणीतरी नक्की विचारला असता.

तिसरा प्रश्न छताचा. पाचव्या महिन्यात पावसाने ग्रंथालयाच्या मागच्या बाजूची गच्ची गळायला लागली, दोन कपाटांतली पुस्तके हलवावी लागली, सभागृहाच्या आतल्या छतात पाणी उतरून वायरिंग बिघडले. अध्यक्षांनी कंत्राटदाराला बोलावले, खजिनदारांशी फोनवर बोलून काम सुरू केले. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

संस्थेच्या घटनेत खर्चाच्या अधिकाराच्या तीन पायऱ्या होत्या. अध्यक्ष आणि खजिनदार मिळून तातडीचा 10 पर्यंतचा खर्च करू शकतात, पुढच्या सभेत सांगायचे. अंदाजपत्रकात नसलेल्या एका कामासाठी कार्यकारिणी 50 पर्यंत मंजुरी देऊ शकते. त्यापुढची रक्कम असेल, किंवा राखीव निधीला हात लावायचा असेल, तर सर्वसाधारण सभा.

इतिवृत्तात दोन खर्च होते, 46 आणि 18. दोन्ही 50 च्या आत. कागदावर कार्यकारिणीचा अधिकार शाबूत. पण बिलांच्या फाइलीत पाहिले तर दोन्ही बिले एकाच कंत्राटदाराची, क्रमांक एकापुढे एक, तारीख एकच. आणि त्यांच्या मागे टाचणीने लावलेले दरपत्रक एकच होते: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग, आतील छत व वायरिंग दुरुस्ती, एकूण 64.’ दरपत्रकावर अध्यक्षांची सहीही होती.

मी अध्यक्षांना विचारले. ते जरासे चिडले, आणि त्यांचे चिडणे मला समजले. ‘दोन बिले कंत्राटदाराने स्वतःच दिली. एक बाहेरचे काम, एक आतले. आम्ही काही तुकडे पाडले नाहीत.’ मी ते खरे मानतो. पण काम एक की दोन, हे बिलांच्या संख्येवरून ठरत नाही. गळतीचे कारण एक, दरपत्रक एक, होकार एकदाच दिला, कंत्राटदार एक: हे एकच काम आहे आणि त्याची किंमत 64 आहे. तुकडे मुद्दाम पाडले की आपोआप पडले, याने मर्यादा बदलत नाही. फार तर शेऱ्याची भाषा बदलते. तपासणाऱ्याला हे ओळखायला विशेष हुशारी लागत नाही. मर्यादेच्या जरा खाली थांबलेली रक्कम, तिच्या शेजारी त्याच नावाची दुसरी रक्कम, हे दिसले की दरपत्रक काढून पाहायचे.

आता अडचण अशी, की कार्यकारिणीने दिलेली कार्योत्तर मंजुरी इथे चालत नाही. एखाद्या सभेला आधी जे मंजूर करायचा अधिकार होता, तेवढेच ती नंतर मंजूर करू शकते. कार्यकारिणीला आधी 64 देता आले नसते, तर नंतरही देता येत नाहीत. ‘कार्योत्तर’ शब्द जोडल्याने अधिकार वाढत नाही. हे पुष्कळांना रुचत नाही. खर्च होऊन गेला, काम चांगले झाले, मग आता कशाला, असा सूर असतो. पण सर्वसाधारण सभेची मंजुरी येईपर्यंत हा खर्च अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या स्वतःच्या जबाबदारीवर उभा असतो. सभेने नाकारला, तर तो त्यांच्याकडून मागता येतो. उलट मंजुरी मिळाली की तो संस्थेचा खर्च होतो आणि या दोघांच्या डोक्यावरचे ओझे उतरते. म्हणजे नीट मंजुरी घेण्यात सर्वांत जास्त हित त्यांचेच आहे. हे सांगितल्यावर अध्यक्षांचा सूर बराच बदलला.

आणखी एक गोष्ट. हा खर्च सभेच्या सूचनेतल्या विषयांमध्ये नव्हता. खजिनदारांच्या अहवालाच्या ओघात तो आला आणि त्याच दमात मंजूर झाला. सभेला न आलेल्या तीन सदस्यांना विषयपत्रिकेवरून कळायला मार्गच नव्हता की त्या दिवशी 64 चा निर्णय होणार आहे. खर्चाची मंजुरी ही अहवालाच्या पोटात बसत नाही. तिला स्वतःचा विषय क्रमांक, स्वतःचा ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतांची नोंद लागते. ऐनवेळच्या विषयांत तर ती घेऊच नये, किरकोळ रक्कम असेल तरच अपवाद.

तातडीच्या वेळी मग करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पाणी गळत असताना सर्वसाधारण सभेची नोटीस काढून कोण बसेल? इथे पायऱ्या उपयोगी पडतात. ताडपत्री टाकणे, पुस्तके हलवणे, बिघडलेली वायर तोडून ठेवणे हे 10 च्या आत बसले असते. दोन दिवसांत कार्यकारिणीची तातडीची सभा घेऊन 50 पर्यंतचे काम, म्हणजे एकट्या गच्चीचे 46, सुरू करता आले असते. आतल्या छताचे आणि वायरिंगचे 18 सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवर ठेवता आले असते. मात्र त्या ठरावातच लिहावे लागते की हे एकाच कामाचे टप्पे आहेत आणि एकूण अंदाज 64 आहे. तेवढे उघड लिहिले की टप्पे करणे ही सोय ठरते. लपवले की तेच तुकडे पाडणे ठरते.

पुढे काय केले ते सांगतो. पहिला मोह जुने इतिवृत्त दुरुस्त करण्याचा होता. चिटणीस म्हणाले, पान नव्याने टाइप करून लावू, सह्या पुन्हा घेऊ. ते अजिबात करायचे नाही. कायम झालेले इतिवृत्त म्हणजे त्या दिवशी सभेने काय केले याची नोंद, आणि त्या दिवशी सभेने खरोखरच कार्योत्तर मंजुरी दिली होती. तिला अधिकार नव्हता ही गोष्ट वेगळी. नोंद बरोबर आहे, निर्णय अपुरा आहे. म्हणून जुने पान जसेच्या तसे ठेवले, समासात फक्त पुढच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहून चिटणिसांनी सही केली. इतिवृत्त कायम होण्यापूर्वी हे लक्षात आले असते तरी निर्णय बदलता आला नसता. लिहिण्यातली चूक तेवढी दुरुस्त झाली असती.

कार्यकारिणीच्या दहाव्या महिन्याच्या सभेत स्वतंत्र विषय घेऊन असा ठराव झाला:

‘पाचव्या महिन्यात झालेले गच्ची, आतील छत व वायरिंग दुरुस्तीचे काम हे एकच काम असून त्याचा एकूण खर्च 64 आहे, असे आढळून आले. ही रक्कम अंदाजपत्रकात नाही व कार्यकारिणीच्या 50 च्या मर्यादेपेक्षा जास्त आहे. त्यामुळे या खर्चास यापूर्वी दिलेली मंजुरी अपुरी ठरते. हा खर्च सर्वसाधारण सभेपुढे कार्योत्तर मंजुरीसाठी ठेवावा व तो राखीव निधीतून भागवावा, अशी शिफारस करण्यात येते. तातडीमुळे तीन दरपत्रके मागवली नव्हती, याची नोंद घेण्यात आली. अध्यक्ष व खजिनदार यांनी मतदानात भाग घेतला नाही. बाजूने 6, विरुद्ध 1.’

विरुद्ध मत देणाऱ्या सदस्यांचा आक्षेप रकमेवर नव्हता, दरपत्रकांवर होता. त्यांनी आपले नाव नोंदवायला सांगितले, ते नोंदवले. अशा ठरावात हे हवेच. सर्वसाधारण सभेला शिफारस एकमताची आहे की नाही हे कळले पाहिजे.

‘कशातून’ हे कलम कार्यकारिणीत जरा रेंगाळले. काहींचे म्हणणे, राखीव निधीला हात कशाला, चालू खात्यात 267 आहेत की. तेव्हा मोकळ्या 15 चा हिशेब पुढे ठेवला. दुसरा पर्याय रंगकाम पुढच्या वर्षावर ढकलून त्याचे 40 वळते करण्याचा होता. तो वाईट नव्हता, पण गळलेल्या भिंतींना रंग याच वर्षी हवा होता आणि तरीही 24 कमीच पडले असते. राखीव निधी 300 चा होता, मुदत ठेवीत. त्यातून 64 काढायचे तर ठेव मोडावी लागणार आणि थोडे व्याज जाणार, हेही ठरावाच्या टिपणीत लिहिले. बिगर-अंदाजपत्रकी खर्चाच्या ठरावात रक्कम आणि काम एवढेच असले तर तो अर्धाच असतो. पैसा कुठून घ्यायचा आणि त्यामुळे अंदाजपत्रकातले काय बदलणार, हे त्याच ठरावात आले नाही तर खजिनदारांना पुढचे सहा महिने अंदाजाने चालावे लागते.

विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढताना विषय स्पष्ट लिहिला: ‘अंदाजपत्रकाबाहेरील 64 च्या दुरुस्ती खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे व तो राखीव निधीतून भागवणे.’ नोटिशीसोबत दरपत्रक आणि दोन्ही बिलांच्या प्रती जोडल्या. सभेत चर्चा झाली ती पंधरा मिनिटे, त्यातली दहा पुस्तके भिजली त्याबद्दल. ठराव दोन भागांत मतास टाकला, मंजुरी वेगळी आणि निधी वेगळा, कारण कोणाला खर्च मान्य पण राखीव निधी अमान्य असू शकतो. पहिला भाग विरोधाशिवाय झाला. दुसऱ्यावर काही सभासदांनी अट घातली की पुढच्या दोन वर्षांत 64 निधीत परत भरावेत. ती उपसूचना म्हणून घेतली, मतास टाकली, मंजूर झाली आणि मूळ ठरावात जोडून पुन्हा मत घेतले. इतिवृत्तात हा क्रम तसाच लिहिला आहे.

खजिनदारांचे सहामाही पत्रक आता पाच रकान्यांचे आहे: वर्षाचे अंदाजपत्रक, आजवर अपेक्षित, प्रत्यक्ष, फरक, कारण. पहिल्यांदा ते भरताना त्यांना एका शीर्षाचे ‘आजवर अपेक्षित’ काढता येईना, कार्यक्रमांचे. 30 चे 35 झाले होते आणि कार्यक्रम वर्षात कधी किती होतात, याची कुठे नोंदच नव्हती. त्या रकान्यात त्यांनी निम्मी रक्कम लिहिली आणि कारणाच्या जागी ‘वेळापत्रक उपलब्ध नाही, आकडा अंदाजे’ असे लिहिले. ते तसेच परिशिष्टात गेले.